तळमजल्याच्या घरासाठी लिहिलेलं पत्र

आईआबांसाठी तळमजल्याचं घर हवंय असं मी घरमालकांना कळवलं आणि त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, "आजारी आहेत का?" भाडं किती देणार, कधीपासून हवंय, माणसं किती, काहीच नाही, सरळ हेच. मी ऑफिसात होतो, मेसेज वाचला आणि फोन उपडा ठेवला. काम चालू होतं पण डोक्यात दिवसभर तेच फिरत राहिलं. नाही म्हणावं तर आईचे दोन्ही गुडघे गेलेत, पायरी आली की ती आधी हाताने भिंत शोधते. हो म्हणावं तर आबा अजून पहाटे उठून गावाच्या वेशीपर्यंत चालून येतात, स्वतःची पेन्शन स्वतः आणतात, गोळी म्हणाल तर बीपीची एक. रात्री मात्र दोन-तीनदा उठावं लागतं त्यांना, आणि अंधारात उठतात, लाईट लावला तर आईची झोप मोडेल म्हणून. यातलं आजारपण कुठलं आणि वय कुठलं, हे मला तरी सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर राग आला होता. माझे आईवडील आहेत ते, कुणीतरी त्यांच्याबद्दल असं विचारावं याचाच राग.

राग उतरल्यावर मी फोन केला. काका म्हणालो त्यांना, आबांच्याच वयाच्या आसपासचे असतील. ते जे बोलले त्यात दुष्टपणा काही नव्हता. म्हणाले, तरुण भाडेकरूला घर सोडा म्हणता येतं, म्हाताऱ्या माणसांना म्हणायला जीभ रेटत नाही. रात्री-अपरात्री काही झालं आणि तुम्ही फोन उचलला नाही तर शेजारी मला फोन करणार. आणि तुम्ही बाथरूममध्ये दांडे ठोकणार, फरशी फुटणार, ओल खालीवर जाणार. तीन गोष्टी सांगितल्या त्यांनी आणि तिन्ही खऱ्या होत्या. मग माझ्या लक्षात आलं की "आजारी आहेत का" या प्रश्नाच्या पोटात हेच तीन प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं आईबाबांच्या तब्येतीत नाहीतच, ती माझ्याकडे आहेत. नोटीस कुणी घ्यायची, रात्री कुणी यायचं, भोकं कुणी बुजवायची. म्हणून ठरवलं की नीट पत्र लिहायचं, मेसेज नाही. विनवणी करायची नाही, आईबाबा कसे बिचारे आहेत हे सांगायचं नाही. घराबद्दल लिहायचं आणि माझ्याबद्दल लिहायचं.

पण घराबद्दल लिहायचं तर घर आधी बघायला पाहिजे.

तळमजला म्हटला की आपल्याला वाटतं पायऱ्यांचा प्रश्न मिटला. तो मिटत नाही. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून इमारतीचा जोता उचललेला असतो, त्यामुळे तळमजल्याच्या दारापर्यंत पण तीन-चार पायऱ्या असतातच. काही ठिकाणी तर खाली पार्किंग असतं आणि जाहिरातीत ज्याला तळमजला म्हणतात तो खरा पहिला मजला असतो. या घराला तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी सहा इंचांची, म्हणजे एकूण १८ इंच. मी आधी उत्साहाने म्हणालो रॅम्प करून घेऊ. पण सोयीच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको असं मानतात, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. १८ इंचांसाठी १८ फूट! दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आठ-नऊ फूट जागा. तेवढ्यात रॅम्प बसवला असता तर तो घसरगुंडीसारखा उभा झाला असता, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतरताना तीव्र उतारापेक्षा नीट पायरी बरी पडते. तेव्हा रॅम्प सोडला आणि कठडा धरला. आईला मी विचारलं होतं तुला चढताना जास्त त्रास होतो का उतरताना, तर ती म्हणाली, "चढताना दम लागतो रे, उतरताना भीती वाटते." चढताना आधार एका हाताला लागतो तर उतरताना तो दुसऱ्या हाताला येतो, म्हणून पाईप दोन्ही बाजूंना पाहिजे, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत पाहिजे, नाहीतर जमिनीवर पाय टेकायच्या नेमक्या क्षणी हात मोकळा पडतो. आता पायऱ्या इमारतीच्या सामाईक जागेत, त्या एकट्या घरमालकांच्या नाहीत. म्हणून पत्रात मी "कठडा लावायची परवानगी द्या" असं नाही लिहिलं, "सोसायटीकडे कठड्यासाठी अर्ज करायला तुमची सही द्या, खर्च माझा" असं लिहिलं. जी गोष्ट समोरच्याच्या हातात नाही ती त्याच्याकडे मागितली की तो घाबरून सगळ्यालाच नाही म्हणतो.

आत गेलो तर हॉल चांगला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला उजेड. तळमजल्यावर वरच्या बाल्कन्यांची सावली पडते, त्यामुळे दुपारी पण मधल्या पॅसेजमध्ये अंधार होता. म्हाताऱ्या डोळ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड आतपर्यंत पोचतो. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट हीच खरी घरातली सगळ्यात धोक्याची वाट. मी ती चाललो, डोळे अर्धवट मिटून चाललो. पलंग जिथे येईल तिथून बटण हाताला लागत नव्हतं. पत्रात दोन ओळी त्यासाठी गेल्या: पलंगापाशी आणि दाराशी असं दोन्हीकडून चालणारं बटण, आणि पॅसेजमध्ये जमिनीलगत एक मंद दिवा. आबा लाईट लावणार नाहीत, तेव्हा त्यांनी न लावता लागलेला लाईट पाहिजे.

मग बाथरूम. तिथे मी बराच वेळ होतो, एजंट बाहेर फोनवर बोलत होता आणि मधूनमधून डोकावून बघत होता हा माणूस आत करतोय काय. मी टेप घेऊन गेलो होतो. दारात दोन इंचांचा दगडी उंबरा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून लावलेला. दोन इंच आपल्याला दिसतसुद्धा नाहीत, पण पाय घासत चालणाऱ्या माणसाचा अंगठा बरोबर तिथेच अडकतो, मोठ्या पायरीला माणूस सावध होतो, लहान उंबऱ्याला होत नाही. उंबरा काढायचा तर आतल्या फरशीला उतार नीट पाहिजे, म्हणून एक बादली पाणी ओतून बघितलं. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे आलं. म्हणजे उंबरा काढता येणार नव्हता. मग उपाय एवढाच की उंबऱ्याला उठून दिसणारा रंग किंवा पट्टी, आणि दाराच्या आतल्या बाजूला उभा धरायला एक दांडा. कमोड होता, वेस्टर्न, पण बसका, जमिनीपासून साडेपंधरा इंच. बसका कमोड म्हणजे उठताना सगळा भार गुडघ्यावर. सतरा ते एकोणीस इंच असेल तर आईला उठता येतं. तो बदलायची गरज नाही, वर बसवायची उंच सीट मिळते, ती नंतर काढूनही घेता येते, त्यामुळे ती मी पत्रात मागितलीच नाही, फक्त कळवली.

आणि मग ती कडी. बाथरूमचं दार आत उघडत होतं आणि आतून लोखंडी कडी होती. हे मला फार लागलं. आत कुणी पडलं आणि दाराला टेकून पडलं तर बाहेरून दार उघडतच नाही, पडलेल्या माणसाचं अंगच दार अडवून धरतं. दार फोडायचं तर ते त्याच्यावरच फुटणार. दार बाहेर उघडेल असं फिरवता येतं पण त्याला चौकटीचं काम निघतं, मालक बिचकतात. तेव्हा मी दोनच गोष्टी मागितल्या: आतली कडी काढून तिथे बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॉक, आणि बिजागऱ्या अशा की पिन ओढली की दार सुटं होईल. जुनी कडी आणि जुन्या बिजागऱ्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवीन, जाताना परत लावून देईन. हे लिहिताना माझा हात थांबला होता. आपण आपल्या आईच्या पडण्याची तयारी करतोय, इतक्या शांतपणे, मोजमाप घेऊन. बरं वाटत नाही असं लिहायला. पण न लिहून ती पडायची थांबणार होती थोडीच.

दांड्यांचा विषय काकांनी स्वतःच काढला होता, म्हणून त्यावर पत्रात सगळ्यात जास्त लिहिलं. टॉवेल अडकवायचा रॉड हा आधाराचा दांडा नव्हे, तो कपड्याचा भार घेतो, माणसाचा घेतला की भिंतीतून स्क्रूसकट बाहेर येतो, आणि माणूस घसरताना हाताला येईल ते पकडतोच. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे मिळतात, भोक पाडावं लागत नाही म्हणून मालकांना आवडतात, पण फरशीच्या सांध्यावर किंवा ओलसर टाईलवर ते न सांगता सुटतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर मी कुणाला सोडणार नाही. तेव्हा भोकं पाडावीच लागणार. आता टाईल फुटते ती कशामुळे, तर हॅमर चालू ठेवून ड्रिल मारल्यामुळे. टाईलपुरतं डायमंड बिटने, हॅमर बंद करून, हळू भोक पाडलं आणि मग आतल्या विटेत गेलं तर टाईल तडकत नाही. भिंत भरीव विटेची असेल तर भोकात फुगून घट्ट बसणारा अँकर फास्टनर धरतो, हलक्या पोकळ ब्लॉकची असेल तर तोच फास्टनर सैल पडतो, तिथे भोकात रसायन भरून चिकटवायचा केमिकल अँकर लागतो. भिंत कुठली आहे हे मला ठोकून कळेना, म्हणून ते पत्रात काकांनाच विचारलं. घर बांधताना ते तिथेच उभे होते म्हणे. ओल जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात सिलिकॉन भरून मग स्क्रू. जागा कमोडच्या शेजारी, बसलेल्या माणसाचा हात सहज टेकेल तिथे, पुस्तकी उंची ३३ ते ३६ इंच पण खरी उंची म्हणजे आईला तिथे बसवून ती कुठे हात टाकते ती. एकूण तीन दांडे, बारा भोकं.

पत्रातला हा भाग मी असा लिहिला: "दांडे लावायचं काम मी तुमच्या माहितीतल्या प्लंबरकडून करून घेईन, तो दिवस तुम्ही सांगाल तो. टाईल तडकली तर बदलून देईन, तशीच टाईल मिळाली नाही तर त्या भिंतीची पूर्ण पट्टी बदलून देईन. घर सोडताना दांडे ठेवायचे का काढायचे हे तुम्ही ठरवा. काढायचे असतील तर भोकं त्याच रंगाने बुजवून देईन. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो दोघांकडे राहतील." यात भावना कुठेच नाही. पण खरं सांगतो, हे लिहिताना मला जितकं भरून आलं तितकं दुसरं काही लिहिताना आलं नाही.

घर तपासताना आणखी एक गोष्ट होती जी माझ्यापेक्षा आबांनी आधी पकडली. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवत होतो, ते म्हणाले, "खालचा रंग नवा का दिसतोय?" बघितलं तर खरंच, जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत रंग जरा ताजा, वरचा जुना. तळमजल्याला जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत, आणि सोबत क्षार आणते, तोच तो पांढरा लोणा. नवा रंग मारला की काही महिने झाकला जातो, पावसाळ्यात परत पोपडे सुटतात. बोटाने ठोकून बघितलं, एका कोपऱ्यात गिलावा पोकळ वाजला. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आतली मागची भिंत बघितली, तिथे रंग मारलेला नव्हता आणि तिथे लोणा होता. आबांच्या छातीला ओलाव्याचा त्रास होतो. पण ओल घरभर नव्हती, बाथरूमला लागून असलेल्या त्या एका कोपऱ्यातच होती, बाकीच्या भिंती खणखणीत. म्हणजे जमिनीपेक्षा बाथरूमच्या पाईपचा संशय जास्त. पत्रात मी आरोप केला नाही, एवढंच लिहिलं की कोपऱ्यातला गिलावा पोकळ वाजतोय, राहायला यायच्या आधी प्लंबरला दाखवून गळती असेल तर काढून घ्यावी, आणि पलंग आम्ही समोरच्या कोरड्या भिंतीला लावू.

ड्रेनेजचं मात्र मी सरळ विचारलं. तळमजल्याचं हे एक दुखणं आहे जे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला कळतच नाही. वरच्या सगळ्यांचं सांडपाणी एकाच उभ्या पाईपने खाली येतं, खाली चेंबरकडे जाणारी लाईन चोकअप झाली की ते पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं, आणि ते तोंड म्हणजे तळमजल्याची जाळी. तळमजल्याची लाईन वेगळी काढून थेट चेंबरला सोडली असेल तर हा त्रास सहसा होत नाही. बघायचं कसं, तर मी वरच्या ताईंना विनंती केली फ्लश करायची आणि खाली जाळीपाशी कान लावून बसलो. पाणी गुळगुळलं असतं, वरखाली झालं असतं तर लाईन एकच आहे किंवा कुठेतरी अडतंय असं समजायचं. इथे आवाज नव्हता, जाळीतलं पाणी हललं नाही. तरी बाहेर चेंबरचं झाकण उचलून बघितलं, दोन पाईप वेगवेगळे येत होते. झाकण तेवढं तुटलेलं होतं, आणि ते नेमकं आबांच्या पहाटेच्या वाटेवर. हे पण पत्रात गेलं.

पत्र लिहून झाल्यावर पाठवायच्या आधी मी ते आबांना फोनवर वाचून दाखवलं. ज्यांच्यासाठी घर घ्यायचंय त्यांना न सांगता त्यांच्याबद्दल परक्या माणसाला लिहिणं मला पटत नव्हतं. सुरुवातीला मी लिहिलं होतं की वडिलांचं वय ७६, आईचं ७१, आई गुडघ्यांमुळे हळू चालते, दोघं आपली रोजची कामं स्वतः करतात, माझं घर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून वेगळं घर बघतोय, मी दहा मिनिटांवर राहतो. आबा ऐकत होते. मधे म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचं लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर वाटेल पोराने बाहेर काढलं." मला ते सुचलंही नव्हतं, मी आपलं कारण म्हणून लिहिलं होतं. मग जरा वेळाने म्हणाले की आजारांची यादी दिली नाहीस ते चांगलं, पण रात्री मी उठतो हे लिही, दिवा कशाला मागतोयस ते त्यांना कळू दे. लपवायचं नाही त्यांना काही. त्यांना फक्त दया नको होती. आई मागून बोलली की अंगणासारखं काही आहे का विचार, दारापुढे खुर्ची टाकून बसता येईल असं. ती ओळ मी सगळ्यात वर टाकली, कारण इतकं मोजमाप केल्यावर घरात राहायचं कसं हे विचारणारी ती एकटीच होती.

काकांच्या पहिल्या दोन भीतींवर मी असं लिहिलं. रात्री काही झालं तर पहिला फोन मला, दुसरा माझ्या बायकोला, दोन्ही नंबर दाराच्या आत मोठ्या अक्षरात आणि शेजाऱ्यांकडे, घराची एक किल्ली कायम माझ्याकडे. घर रिकामं हवं असेल तर नोटीस माझ्या पत्त्यावर द्या, आईबाबांना काही सांगायची वेळ तुमच्यावर येणार नाही, ते माझं काम. फक्त नोटीसची मुदत दोन महिन्यांची धरा, कारण तळमजल्याचं असं घर पुन्हा शोधून त्यात दांडे लावायला तेवढा वेळ लागतो. आणि त्यांच्या तब्येतीची हमी मी देऊ शकत नाही हेही लिहिलं, कुणीच देऊ शकत नाही, पण तब्येत बिघडली तर घरात नर्स किंवा हॉस्पिटलचा पलंग आणायच्या आधी तुम्हाला कळवीन.

काकांनी पत्र वाचून फोन केला. भिंत भरीव विटेची आहे म्हणाले, फास्टनर चालेल. कोपऱ्याचा गिलावा ते स्वतः काढून बघणार. कडीला हो, दांड्यांना हो, दिव्याला हो, कठड्याच्या अर्जावर सही करतो म्हणाले पण सोसायटीचं मी काही सांगू शकत नाही. नोटीस दोन महिने चालेल. करार मात्र फक्त माझ्याच नावावर करूया असं त्यांचं म्हणणं होतं, कारण पगार माझा. मी आबांना सांगितलं तर ते गप्प झाले, मग म्हणाले की राहणार आम्ही आणि कागदावर आमचं नाव नसेल तर आम्ही तिथे कोण? मुद्दा रास्त आहे. उद्या त्यांना बँकेत नाहीतर दवाखान्यात पत्ता दाखवावा लागेल, आणि माझं काही बरंवाईट झालं तर त्या घरात राहायचा त्यांच्याकडे काय कागद? म्हणून आता करारात भाडेकरू म्हणून मी आणि आबा दोघं, भाड्याची जबाबदारी माझी असं वेगळं कलम, राहणाऱ्यांत आईचं नाव, आणि मी नसलो तरी मुदत संपेपर्यंत करार आबांच्या नावे चालू राहील असं एक वाक्य. ते वाक्य काकांनी वकिलाला दाखवायला नेलंय. चेंबरच्या झाकणाचं अजून कुणी बोललेलं नाही, ते मी या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून बघतो.